फोटो जागचा हलत नाही

गॅलरीत एक फोटो उघडून शेअरच्या खुणेवर बोट ठेवलं की खालून एक पट्टी वर येते. वरच्या ओळीत चार-पाच ओळखीचे चेहरे, खाली अ‍ॅपच्या चिन्हांची रांग. त्यातलं एक निवडलं की दुसरं अ‍ॅप उघडतं आणि तोच फोटो तिथे दिसतो. हे आपण इतक्या वेळा केलेलं असतं, की फोटो एका अ‍ॅपमधून उचलून दुसऱ्यात ठेवला गेला असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात त्या क्षणी फोटो जागचा हललेलाही नसतो. एका अ‍ॅपकडून दुसऱ्याकडे जाते ती फक्त तो फोटो वाचण्याची परवानगी, आणि तीसुद्धा थोड्या वेळापुरती.

शेअर केलेला फोटो दुसऱ्या दिवशी कोरा का दिसतो, एकच गोष्ट दोनदा का साठवली जाते, काही अ‍ॅप गॅलरीची सगळी दारं उघडायला का सांगतात, या प्रश्नांची उत्तरं बहुतेक करून याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. भारतात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडचा फोन असतो, म्हणून इथे मुख्यतः अँड्रॉइडचीच पद्धत पाहू.

आधी भिंतीबद्दल. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्समध्ये एकाच संगणकावर काम करणाऱ्या अनेक माणसांना वेगवेगळा क्रमांक देऊन त्यांच्या फाइली एकमेकांपासून राखण्याची सोय मुळातच आहे. अँड्रॉइड घडवणाऱ्यांनी तीच सोय अ‍ॅपसाठी वापरली. फोनवर बसवलेल्या प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि स्वतःचं एक कपाट मिळतं. बँकेच्या अ‍ॅपच्या कपाटात काय आहे हे खेळाच्या अ‍ॅपला उघडून बघता येत नाही. ही भिंत आहे म्हणून तर एकाच फोनवर बँक आणि खेळ दोन्ही सुखाने नांदतात. पण भिंत पक्की असली की देवाणघेवाण अवघड होते. गॅलरीतलं अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपच्या कपाटात फोटो टाकू शकत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप गॅलरीच्या कपाटातून तो काढू शकत नाही. मधे तिसरं कुणीतरी लागतं, आणि ते काम खुद्द अँड्रॉइड करतं.

देणारं अ‍ॅप अँड्रॉइडच्या हाती एक निरोप देतं. या निरोपाला प्रोग्रामर मंडळी इंटेंट म्हणतात. त्यात तीन गोष्टी असतात: काय करायचंय, वस्तू कोणत्या जातीची आहे आणि वस्तू कुठे आहे. पहिली गोष्ट ठरलेल्या शब्दांत लिहितात, `android.intent.action.SEND`, म्हणजे ‘पाठव’. एकाहून जास्त फोटो असतील तर `SEND_MULTIPLE`. दुसरी गोष्ट, म्हणजे जात, `text/plain` किंवा `image/jpeg` अशी लिहितात. ही लिहिण्याची रीत अँड्रॉइडची नाही, मोबाइलचीही नाही. ईमेलला चित्रं आणि इतर फाइली जोडता याव्यात म्हणून नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 1992 मध्ये जे नियम मांडले, त्यांतून ती आली. ईमेलसाठी केलेली वर्गवारी आज प्रत्येक शेअरच्या मागे उभी आहे.

निरोपात एक गोष्ट मात्र नसते: तो कुणाला द्यायचा. गॅलरी लिहिणाऱ्याला तुमच्या फोनवर कोणकोणती अ‍ॅप आहेत हे ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नसते. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने नवं अ‍ॅप लिहिलं, तर गॅलरीत एका अक्षराचाही बदल न होता त्याचं चिन्ह त्या रांगेत येऊन बसतं. या साऱ्या रचनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचं अ‍ॅप आणि घरी बसून एकट्याने लिहिलेलं अ‍ॅप या रांगेत शेजारी शेजारी उभी राहतात.

त्या विद्यार्थ्याचं अ‍ॅप आता प्रत्यक्ष घेऊनच पाहू. समजा त्याला कात्रणवही करायची आहे. वर्तमानपत्रातली कात्रणं कापून वहीत चिकटवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी होती. तसंच हे: ब्राउझरमध्ये वाचताना आवडलेला लेख किंवा कुणी पाठवलेल्या छापील पानाचा फोटो शेअर करायचा, कात्रणवही निवडायची, आणि तो आपल्या संग्रहात जमा. यासाठी त्याला आपल्या अ‍ॅपच्या जाहीरनाम्यात, `AndroidManifest.xml` नावाच्या फाइलमध्ये, एवढं लिहावं लागतं:

```xml
<activity android:name=".SaveClipActivity" android:exported="true">
  <intent-filter>
    <action android:name="android.intent.action.SEND" />
    <category android:name="android.intent.category.DEFAULT" />
    <data android:mimeType="text/plain" />
    <data android:mimeType="image/*" />
  </intent-filter>
</activity>
```

याचा साधा अर्थ: कुणी ‘पाठव’ म्हटलं आणि वस्तू साधा मजकूर किंवा कोणतंही चित्र असेल, तर माझा हा पडदा उघडा. `exported` म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपना या दाराने आत यायची मुभा आहे. अँड्रॉइड 12 पासून असं दार असलेल्या पडद्याबद्दल हे स्पष्ट लिहावंच लागतं. शेअर दाबल्यावर अँड्रॉइड फोनवरच्या सगळ्या अ‍ॅपचे असे जाहीरनामे चाळतं आणि ज्यांचं जुळतं त्यांची रांग लावतं. व्हिडिओ शेअर करताना कात्रणवही दिसत नाही, कारण तिने व्हिडिओ मागितलेलाच नाही.

इथे एक मोह होतो. `image/*` ऐवजी `*/*` लिहिलं की आपलं अ‍ॅप प्रत्येक रांगेत दिसेल, म्हणजे फुकटची जाहिरात. मग कुणी विश्वासाने पीडीएफ पाठवतं आणि समोर ‘ही फाइल उघडता येत नाही’ अशी पाटी येते. रांगेतली जागा ही वापरणाऱ्याला दिलेलं वचन असते. जे खरोखर घेता येतं तेवढंच मागावं.

आता मूळ वस्तूकडे, फोटोकडे येऊ. अ‍ॅप आणि अँड्रॉइड यांच्यात निरोप ने-आण करण्याची जी वाट आहे ती अरुंद आहे. एका वेळी साधारण 1 एमबी एवढाच माल तिच्यातून जातो, आणि तीही जागा त्या अ‍ॅपच्या त्या वेळच्या सगळ्या निरोपांना मिळून असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला साधा फोटो 3-4 एमबीचा असतो. तो निरोपातच कोंबायचा प्रयत्न केला तर `TransactionTooLargeException` अशी नोंद करून अ‍ॅप बंद पडतं. लेखाचा दुवा, कविता, पत्ता असा मजकूर छोटा असतो, तो निरोपातूनच जातो. फोटोचा मात्र फक्त पत्ता जातो.

पत्ता कसा असावा, यावरून बरंच काही घडलं. सुरुवातीच्या काळात अ‍ॅप सरळ फाइलचा मार्ग देत असत: `file:///storage/...` असा. घेणाऱ्याने त्या मार्गाने जाऊन फाइल उघडायची. पण मार्ग कळला तरी दार उघडायला परवानगी हवीच. म्हणून मग घेणाऱ्या अ‍ॅपला फोनची सगळी साठवण वाचण्याची परवानगी मागावी लागे. एका फोटोसाठी अख्खं घर उघडं. काही अ‍ॅप उलट करत: स्वतःचीच फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी ठेवत. 2016 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 7 ने ही वाट बंद केली. त्या आवृत्तीसाठी तयार केलेल्या अ‍ॅपने असा मार्ग बाहेर दिला, की अ‍ॅप तिथल्या तिथे `FileUriExposedException` देऊन कोसळू लागलं.

त्याऐवजी जो पत्ता द्यायचा तो `content://` ने सुरू होतो. हा फाइलचा मार्ग नसतो. ‘या अ‍ॅपकडे जा आणि या क्रमांकाची वस्तू माग’ एवढंच त्यात असतं. घेणारं अ‍ॅप मागणी करतं, देणारं अ‍ॅप आपल्या कपाटातली ती एक फाइल उघडून वाचायला देतं. मागणाऱ्याला परवानगी आहे की नाही हे अँड्रॉइड दर वेळी तपासतं. ग्रंथालयात एखादं दुर्मीळ पुस्तक तिथेच बसून वाचण्याची चिठ्ठी मिळते, तसं हे आहे: चिठ्ठी त्या एका पुस्तकाची, तुमच्या नावाची आणि तुम्ही वाचनालयात बसलेले असेपर्यंतची. पाठवणाऱ्या बाजूने हे सगळं इतक्या थोड्या ओळींत होतं:

```kotlin
val send = Intent(Intent.ACTION_SEND).apply {
    type = "image/jpeg"
    putExtra(Intent.EXTRA_STREAM, uri)
    addFlags(Intent.FLAG_GRANT_READ_URI_PERMISSION)
}
startActivity(Intent.createChooser(send, null))
```

`uri` म्हणजे तो पत्ता. त्याखालची ओळ म्हणजे चिठ्ठी: फक्त वाचायची, लिहायची नाही. शेवटची ओळ रांग दाखवते.

ही रांग अँड्रॉइड स्वतः रंगवतं, देणारं अ‍ॅप नव्हे. हा फरक वापरणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वरच्या ओळीतले ओळखीचे चेहरे दिसतात ते निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅपनी आधी अँड्रॉइडकडे देऊन ठेवलेले असतात. गॅलरीला ते चेहरे दिसत नाहीत. तुम्ही कोणतं अ‍ॅप निवडलं हे देणाऱ्या अ‍ॅपला हवं तर कळू शकतं, पण त्या यादीत कोण कोण माणसं होती हे कळत नाही. तरीही काही अ‍ॅप स्वतःची वेगळी रांग काढतात: पाच-सहा मोठी नावं, आणि शेवटी ‘आणखी’ नावाचा ठिपका. त्यात लहान अ‍ॅपला जागा नसते आणि तुमच्या सवयीच्या माणसांचे चेहरे नसतात. शिवाय 2020 च्या अँड्रॉइड 11 पासून एका अ‍ॅपला फोनवरची बाकीची अ‍ॅप मनमोकळी पाहता येत नाहीत, त्यामुळे अशी घरगुती रांग अर्धवटच राहते. फोनची स्वतःची रांग असताना वेगळी काढायचं चांगलं कारण मला आजवर दिसलेलं नाही.

पाठवण्याची बाजू इथे जवळजवळ संपते. घेण्याची बाजू जास्त खोल आहे, आणि बिघाडही तिथेच जास्त होतात.

कात्रणवहीची पहिली आवृत्ती विद्यार्थ्याने अशी लिहिली असं धरा: फोटोचा पत्ता आला की तो आपल्या यादीत नोंदवायचा, आणि जेव्हा जेव्हा संग्रह उघडेल तेव्हा त्या पत्त्यावरून फोटो दाखवायचा. करून पाहिलं, फोटो झकास दिसला. मित्रांना दिलं, त्यांनाही दिसला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या संग्रहात राखाडी चौकोन. नोंद आहे, तारीख आहे, चित्र नाही. चिठ्ठीची मुदत संपली होती. शेअर करून उघडलेला पडदा बंद झाला की वाचण्याची परवानगीही जाते, आणि पत्ता नुसती अक्षरं उरतो. चाचणीच्या वेळी पडदा उघडाच असतो, म्हणून हा दोष लिहिणाऱ्याला दिसत नाही.

उपाय उघड आहे: पत्ता जपायचा नाही, फोटोची नक्कल करून आपल्या कपाटात ठेवायची. विद्यार्थ्याने तेही केलं, पण थोडं हुशारीने. वापरणाऱ्याला ताटकळत ठेवू नये म्हणून त्याने पडदा लगेच बंद केला, ‘जतन केलं’ अशी पट्टी दाखवली आणि नक्कल करण्याचं काम मागच्या दाराने, सवडीने होईल असं सोपवलं. छोटे फोटो जमा झाले, काही मोठे गळाले. कारण तेच: पडदा बंद झाला, परवानगी गेली, आणि मागे राहिलेलं काम सुरू होईपर्यंत दार लागलेलं. फोनच्या नोंदीत `SecurityException` दिसतं आणि माणसाला मात्र ‘जतन केलं’ दिसलेलं असतं. न झालेलं काम झालं म्हणून सांगणं हा यातला खरा अपराध. नक्कल पूर्ण होईपर्यंत पडदा उघडा ठेवायचा, त्यावर छोटं चक्र फिरतं ठेवायचं आणि फाइल हाती पडल्यावरच ‘जतन केलं’ म्हणायचं, हीच बरोबर रीत.

नक्कल करायला वेळ किती लागेल याचा भरवसा नसतो. फोटो फोनवरच असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. पण देणारं अ‍ॅप फोटो दूरच्या सर्व्हरवर ठेवणारं असेल, तर मागणी झाल्यावर ते तो खाली उतरवायला घेतं. गावाकडच्या अधूनमधून येणाऱ्या नेटवर्कवर त्याला अर्धा मिनिटही लागू शकतो. हे काम अ‍ॅपने पडदा रंगवणाऱ्या मुख्य धाग्यावरच केलं तर सगळं गोठतं, आणि बोटाच्या स्पर्शाला 5 सेकंदांत प्रतिसाद आला नाही की अँड्रॉइड ‘अ‍ॅप प्रतिसाद देत नाही’ अशी चौकट पुढे करतं. म्हणून नक्कल बाजूच्या धाग्यावर, पडदा उघडा असताना.

आणखी एक खाच. नक्कल म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे उतरवणं. चित्र उघडून, मग पुन्हा साठवणं नव्हे. 4 एमबीची जेपीईजी फाइल ही घडी घालून ठेवलेली असते. ती उघडली की 4000 गुणिले 3000 बिंदू, प्रत्येक बिंदूला 4 बाइट, म्हणजे 48 एमबी स्मृती लागते. असे दहा फोटो कुणी एकदम शेअर केले आणि अ‍ॅपने सगळे एकाच वेळी उघडले, तर साध्या फोनवर ते जागीच बंद पडतं. बाइट उतरवताना थोडे थोडे वाचून लिहिता येतात, स्मृतीवर भार येत नाही. दाखवायला लहान आवृत्ती नंतर सावकाश करता येते.

आता दुहेरी नोंदीकडे. वापरणारे तक्रार करतात की एकच लेख कधी दोनदा, कधी तीनदा जमा होतो, आणि लिहिणाऱ्याकडे मात्र कधीच तसं होत नाही. लेख शेअर केला आणि तेवढ्यात फोन आडवा झाला, की अँड्रॉइड पडदा मोडून नवा बांधतं, आणि नव्या पडद्याच्या हातात तोच जुना निरोप पुन्हा देतं. अ‍ॅपला वाटतं, नवं काहीतरी आलं. अलीकडची अ‍ॅप दाखवणाऱ्या यादीतून कात्रणवही पुन्हा उघडली तरी तसंच होऊ शकतं: कालचा निरोप आज पुन्हा. तेव्हा ‘हा निरोप मी निस्तरला आहे’ ही खूण अ‍ॅपने स्वतः ठेवायला हवी. पडदा पहिल्यांदा उभा राहतोय की पुन्हा, हे अँड्रॉइड सांगतं. ते न विचारता साठवत सुटलं की दुहेरी नोंदी होतात.

मजकुराचं काय? वरकरणी तो सोपा. ब्राउझरमधून लेख शेअर केला की निरोपात `EXTRA_TEXT` या नावाखाली दुवा येतो आणि बहुधा `EXTRA_SUBJECT` खाली शीर्षक. पण हा शिष्टाचार आहे, कायदा नाही. कुठलं अ‍ॅप शीर्षक आणि दुवा एकाच ओळीत देतं, कुठलं ‘हे वाचा’ म्हणून आपल्याच अ‍ॅपची जाहिरात पुढे चिकटवतं. घेणाऱ्याने आलेल्या मजकुरात दुवा शोधायचा, सापडला तर वेगळा काढायचा, नाही सापडला तर सगळा मजकूर कात्रण म्हणून ठेवायचा. ‘दुवाच नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही. एखाद्याने मजकुराचा परिच्छेद निवडून शेअर केलेला असू शकतो.

मराठी वाचकाच्या बाबतीत इथे आणखी एक गाठ आहे. मराठी विकिपीडियावरचा लेख शेअर करून पाहा. दुव्यात `%E0%A4%AE` अशा अक्षरांची लांबच लांब माळ दिसते. ती मोडतोड नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं आहेत, म्हणून दुव्यात त्याची 45 अक्षरं होतात. एखाद्या अ‍ॅपने ‘दुवा शंभर अक्षरांपेक्षा लांब नसतो’ असं गृहीत धरून तो कापला, तर इंग्रजी दुवे वाचतात आणि मराठी मरतात. याउलट काही अ‍ॅप दुवा देवनागरीतच पाठवतात. तेव्हा इंग्रजी अक्षरं मनात धरून लिहिलेला शोध पहिल्या देवनागरी अक्षरापाशीच थांबतो, किंवा पहिल्या मात्रेवर अडखळतो, कारण मात्रेला तो अक्षर समजत नाही. दुवा निम्माच निळा होतो आणि दाबला की ‘पान सापडलं नाही’ येतं. अ‍ॅप लिहिणाऱ्याने चाचणीसाठी एक मराठी दुवा जरी वापरला असता तरी हे पहिल्या दिवशी दिसलं असतं. दहा कोटींच्या आसपास माणसं बोलतात त्या भाषेला एवढी एक चाचणी तरी मिळायलाच हवी.

घेणाऱ्या बाजूचा सगळ्यात गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. फोटो देताना देणारं अ‍ॅप त्याचं नावही सांगतं, `IMG_2041.jpg` असं काहीतरी. कात्रणवहीने तेच नाव घेऊन आपल्या कपाटात फाइल लिहिली तर काय बिघडलं? समजा देणाऱ्या अ‍ॅपच्या मनात खोट आहे आणि त्याने नाव सांगितलं `../shared_prefs/settings.xml`. सुरुवातीचे दोन ठिंब म्हणजे ‘एक पायरी वर जा’. फोटोंच्या खणात जायला हवी ती फाइल अ‍ॅपच्या सेटिंगच्या फाइलवर जाऊन बसते. आत फोटो नसून दुसऱ्याने लिहिलेल्या सेटिंग असतात. त्यात अ‍ॅपने कोणत्या सर्व्हरशी बोलायचं हे लिहिलेलं असेल, तर पुढच्या वेळी अ‍ॅप चोराच्या सर्व्हरशी बोलू लागतं, आणि वापरणाऱ्याची गुप्त खूण तिकडे जाते. यासाठी वापरणाऱ्याने शेअर दाबण्याचीही गरज नाही. बाहेरच्यांना उघडं असलेलं ते दार दुसरं अ‍ॅप परस्पर ठोठावू शकतं. 2024 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा संशोधकांनी नेमका हा दोष ‘डर्टी स्ट्रीम’ या नावाने जाहीर केला. तो असलेली अ‍ॅप मिळून चार अब्जांहून जास्त वेळा उतरवून घेतली गेली होती. मोठमोठ्या कंपन्यांनीही परक्याने सांगितलेलं नाव जसंच्या तसं वापरलं होतं.

इलाज एका ओळीचा आहे: फाइलचं नाव आपण स्वतः द्यायचं. आलेलं नाव दाखवण्यापुरतं वेगळं नोंदवायचं, पण कपाटात लिहिताना आपला क्रमांकच वापरायचा. त्याच्या जोडीला, निरोपात `image/jpeg` लिहिलंय म्हणून ते चित्रच असेल असंही मानायचं नाही. फाइल उघडून ती खरंच चित्र म्हणून वाचता येते का हे पाहायचं, आणि आकाराला मर्यादा घालायची.

पाठवण्याच्या बाजूची एक गोष्ट मघाशी राहिली, ती इथे शोभते, कारण तीही विश्वासाचीच आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत चित्राशिवाय तारीख, फोनचं मॉडेल आणि चालू ठेवलं असेल तर अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. अँड्रॉइड 10 पासून फोनच्या सामाईक संग्रहातला फोटो वाचताना हे स्थळ आपोआप झाकलं जातं, वेगळी परवानगी असल्याशिवाय दिसत नाही. पण कात्रणवहीच्या कपाटात आता मूळ फाइलची नक्कल आहे, आणि तीत स्थळ आलेलं असेल तर तिथून पुन्हा शेअर करताना ते झाकायला मधे कुणी नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि ही माहिती गळते, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. घरात काढलेल्या मुलांच्या फोटोत घराचा नेमका पत्ता जाणं कुणालाच नको असतं. म्हणून बाहेर पाठवताना स्थळ पुसलेली प्रत तयार करून तीच द्यायची, आणि मूळ प्रत हवी असेल तर तसं विचारून द्यायची, हे कात्रणवहीने करायला हवं. तशीच, बाहेर देण्याच्या प्रती एका वेगळ्या खणात ठेवून फक्त त्या खणाचं दार उघडायचं. अँड्रॉइडच्या `FileProvider` या साधनाला कोणते खण दाखवायचे हे लिहून द्यावं लागतं. तिथे आळसाने अख्खं कपाट लिहिलं, तर चुकीच्या फाइलची चिठ्ठी बाहेर जायची शक्यता उगाच वाढते.

आयफोनवर रांग तशीच दिसते, पण मांडणी वेगळी आहे. 2014 मध्ये आलेल्या आयओएस 8 पासून घेणाऱ्या अ‍ॅपला स्वतःचा एक छोटा वेगळा भाग लिहावा लागतो. तो देणाऱ्या अ‍ॅपच्या पडद्यावरच उघडतो आणि त्याला फार कमी स्मृती मिळते. त्यामुळे वर सांगितलेला 48 एमबीचा हिशोब तिथे आणखी लवकर अंगावर येतो.

यातून वापरणाऱ्याला एक साधी पारख मिळते. शेअर करून दिलेला फोटो घ्यायला कोणत्याही अ‍ॅपला गॅलरीची परवानगी लागत नाही, कारण त्या एका फोटोची परवानगी तुम्ही बोट ठेवताच दिलेली असते. तरी ‘सगळे फोटो पाहू द्या’ अशी चौकट त्याच क्षणी पुढे आली, तर नकार देऊन बघा. नीट लिहिलेलं अ‍ॅप फोटो घेतं आणि पुढे चालतं. नकारानंतर अडून बसलं, तर एकतर ते जुन्या पद्धतीने लिहिलेलं आहे किंवा त्याला त्या एका फोटोपेक्षा जास्त काहीतरी हवं आहे.

अ‍ॅप लिहिणाऱ्यासाठी चाचणी थोडी लांब आहे, पण घरच्या घरी होते. फोनच्या डेव्हलपर पर्यायांत ‘Don't keep activities’ नावाची कळ आहे. ती चालू केली की नजरेआड झालेला प्रत्येक पडदा अँड्रॉइड लगेच मोडतं, म्हणजे उद्या होणारा बिघाड आजच होतो. मग गॅलरीतून एक फोटो, दहा फोटो, ब्राउझरमधून मराठी विकिपीडियाचा एक दुवा आणि निवडलेला एक परिच्छेद शेअर करायचा. मधेच फोन आडवा करायचा. एकदा नेट बंद ठेवून, फोनवर न उतरलेला फोटो पाठवायचा. शेवटी फोन बंद करून चालू करायचा आणि संग्रह उघडायचा. जे पाठवलं ते तेवढंच, एकदाच आणि पूर्ण दिसलं पाहिजे, आणि जो फोटो आला नाही त्याच्या जागी तो आला नाही असंच लिहिलेलं असलं पाहिजे.